मदत हवी आहे : रिक्रूटरचा आपणहून मेसेज आलाय. होकार कळवायचाय, पण काम, पगार आणि जागा आधी कशी विचारू?

साखळीची_वाट

नमस्कार मंडळी. मी पिसुर्लेच्या वसाहतीत एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये सहा वर्षं आहे, बहुतेक वेळ एचपीएलसीसमोर. नोकरी शोधत नव्हतो. परवा रात्री लिंक्डइनवर मुंबईच्या एका कन्सल्टन्सीतल्या बाईंचा इंग्रजी मेसेज आला. मतलब असा: नामवंत औषध कंपनीत क्यूसी एक्झिक्युटिव्हची जागा आहे, ठिकाण गोवा, पगारवाढ चांगली, सीव्ही, आत्ताचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पिरियड लगेच पाठवा. कंपनीचं नाव नाही, रक्कम नाही.

मी उत्तर लिहिलं होतं, 'इंटरेस्टेड, पगार किती?' बायको म्हणाली, बाजारात इसवणाचा भाव विचारल्यासारखं वाटतंय. मग पाठवलंच नाही. घर साखळीत, आई-वडील सोबत, त्यामुळे गोव्यात म्हणजे गोव्यात कुठे, हे माझ्यासाठी पगाराइतकंच मोठं आहे. होकारही कळायला हवा आणि आधी या तीन गोष्टीही कळायला हव्यात. कसं लिहू?

फोंडेकर_काका

बाबा, पहिलं म्हणजे उशीर करू नकोस. या लोकांना कंपनीकडून जागा मिळते आणि चार-पाच दिवसांत यादी पाठवायची असते. तू विचार करत बसशील, तोवर कुंडईचा कोणीतरी सीव्ही टाकून मोकळा होईल. सीव्ही पाठवून दे आत्ताच. पगाराचं इंटरव्ह्यू झाल्यावर बोलावं. आधीच पैसे विचारले की माणूस पैशांसाठी येतोय असं दिसतं. मी तीस वर्षं नोकरी केली, कधी पहिल्या भेटीत पगार विचारला नाही.

तरवटी

सावध राहा रे. माझ्या भाच्याला असाच मेसेज आला होता, क्रूझवर असिस्टंट वेटर म्हणून. मेडिकलचे आणि व्हिसाचे म्हणून चाळीस हजार मागितले. एजंटकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना आहे का, हे आम्ही तेव्हा पाहिलंच नाही. पैसे मागितले की समजायचं.

साखळीची_वाट

तरवटी, वाईट झालं. पण इथे कोणी पैसे मागितलेले नाहीत आणि बाईंचं प्रोफाइल जुनं, खरं दिसतंय. माझा प्रश्न फसवणुकीचा नाही, उत्तर कसं लिहायचं याचा आहे.

काका, तुम्ही म्हणता ते पटतं, पण नाव न सांगणाऱ्या कंपनीला सीव्ही कसा देऊ?

कुळागर

मी दहा वर्षं प्लांट एचआरमध्ये होते, आधी कुंडई, मग वेर्णा. कन्सल्टन्सीकडून आलेले सीव्ही रोज बघत होते, म्हणून सांगते.

काकांचं घाईबद्दलचं म्हणणं खरं आहे. उत्तर आजच जाऊ दे. सीव्ही मात्र कंपनीचं नाव कळल्याशिवाय देऊ नकोस. कारण असं: कन्सल्टन्सीने तुझा सीव्ही कंपनीत पाठवला की तू पुढचे काही महिने 'त्यांचा' उमेदवार म्हणून नोंदला जातोस. तू लागलास तर त्यांना कंपनीकडून फी मिळते, बहुधा तुझ्या वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. आता त्याच कंपनीत तुझा मित्र असेल आणि त्याने तुझं नाव आतून सुचवलं, किंवा दुसऱ्या कन्सल्टन्सीनेही तुझाच सीव्ही टाकला, तर उमेदवार कोणाचा यावरून भांडण होतं. अशा वेळी आम्ही ते दोन्ही सीव्ही बाजूला ठेवून तिसऱ्याला बोलावायचो. उमेदवाराला याचा पत्ताही लागत नसे.

दुसरं कारण गोव्याचं. इथे औषध कंपन्या मोजक्या आणि एचआरवाले एकमेकांना ओळखतात. ती 'नामवंत कंपनी' तुझ्याच मालकाचा दुसरा प्लांट निघाली तर? माझ्यासमोर असं एकदा घडलंय. सीव्ही आला, वरचं नाव वाचलं, तर आमच्याच दुसऱ्या प्लांटमधला मुलगा.

पगार विचारल्याने कोणी नाव कापत नाही. त्या बाईंपुढे जागेचं बजेट लिहिलेलं असतं. तू आठ मागणारा आणि जागा सहाची असेल, तर पहिल्याच दिवशी कळलेलं त्यांनाही बरं, नाहीतर तीन फेऱ्यांनंतर तू नाही म्हणतोस आणि त्यांची फी बुडते. फक्त 'पगार किती?' असं सुटं विचारू नकोस. सुट्या प्रश्नावर 'इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे' हे ठरलेलं उत्तर येतं. या जागेसाठी ठरलेली रेंज काय, आणि त्यात फिक्स किती, असं विचार.

कामाबद्दलही तेच. क्यूसी म्हणजे कच्चा माल, तयार माल, स्टॅबिलिटी, की नुसता डेटा तपासणारा रिव्ह्यूअर, हे त्यांना माहीत नसेल तर त्या कंपनीला विचारून सांगतील. तेवढ्यावरून जागा खरी आहे की नुसते सीव्ही गोळा करणं चाललंय, हेही कळतं.

मी असं लिहीन, इंग्रजी तू कर:

'नमस्कार. मेसेजबद्दल आभार. तपशील जुळला तर या जागेचा मी नक्की विचार करीन. सहा वर्षं क्यूसीत आहे, मुख्यतः एचपीएलसी आणि स्टॅबिलिटी. नोटीस दोन महिन्यांची. पुढे जाण्याआधी एवढं कळवाल का? कंपनी कोणती, काम नेमकं कुठल्या विभागात, आणि नेमणूक कंपनीच्या पेरोलवर की कंत्राटी? प्लांट गोव्यात कुठे आणि शिफ्ट कशा? या जागेसाठी ठरलेली पगाराची रेंज काय, त्यात फिक्स किती? हे कळलं की त्याच दिवशी सीव्ही पाठवतो. सध्याच्या ठिकाणी ही गोष्ट कळू नये, एवढी काळजी घ्यावी.'

नोटीस पिरियड आपणहून सांगितलास की त्यांचा एक प्रश्न मिटतो आणि तू टाळाटाळ करतोयस असं वाटत नाही.

मांडवीकाठ

कुळागरताई, आणि आत्ताचा सीटीसी? तो त्यांनी विचारलाच आहे. माझ्या मते सांगू नये. माझा पगार कमी होता, तो सांगितला आणि त्यावर टक्के लावून ऑफर आली. जागेचं बजेट त्याहून दीड लाखाने जास्त होतं, हे आत गेल्यावर शेजारी बसणाऱ्याने सांगितलं. आजही डोकं फिरतं.

कुळागर

पहिल्या मेसेजात सांगू नये, हे मान्य. पण फुगवून कधीच सांगू नये. ऑफरच्या वेळी शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागतातच, तिथे पकडलं जातं.

मांडवीकाठ

फुगवा कुठे म्हटलं मी? रेंज कळेपर्यंत गप्प बसा, इतकंच. आणि त्यांनी हट्ट धरला तर सोडून द्या.

कुळागर

सोडून द्या म्हणणं पणजीत सोपं. सत्तरी-डिचोलीत वर्षाला अशा किती जागा येतात? हट्ट धरला तर मी खरा आकडा देईन आणि त्याच ओळीत अपेक्षा लिहीन. यावर आपलं जुळणार नाही.

पेडण्याचो_पोर

पयलीं नांव विचार, मागीर सीव्ही. आणि 'ठिकाण गोवा'वर जाऊ नकोस. मला असाच मेसेज आला होता. इंटरव्ह्यू गोव्यात, हॉटेलात, आणि प्लांट गुजरातला! दोन तास रांगेत बसल्यावर कळलं.

साखळीची_वाट

कुळागरताईंचा मसुदा इंग्रजीत करून त्याच रात्री पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, आणि बाई अजिबात चिडल्या नव्हत्या. कंपनीचं नाव सांगितलं, माझ्या मालकाचा तिच्याशी संबंध नाही. नेमणूक कंपनीच्या पेरोलवर. काम तयार मालाच्या तपासणीचं, शिफ्ट तीन. प्लांट वेर्ण्याला. रेंज सहा ते ६.६० लाख, त्यात दहा टक्के व्हेरिएबल.

६.६० ऐकून मी बाराने भागलं, महिना ५५ हजार! आत्ता हातात ३६ पडतात. मग रात्री कागद घेऊन बसलो. व्हेरिएबलचे ६६,००० बाजूला. बेसिक निम्मा धरला, म्हणजे वर्षाला ३,३०,०००. त्यावर कंपनीचा पीएफ बारा टक्के, ३९,६००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, साधारण १५,९००. हे दोन्ही सीटीसीतच मोजतात ना? उरले ५,३८,५००, महिन्याला ४४,९००. त्यातून माझा पीएफ ३,३०० गेला की हातात ४१,६००. म्हणजे वाढ साडेपाच हजारांची.

आणि साखळी ते वेर्णा पन्नास किलोमीटरच्या आसपास. महिन्याला पंचवीस दिवस बाइकने जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर. माझी गाडी लिटरला पन्नास देते, म्हणजे पन्नास लिटर. पाच हजार पेट्रोललाच. आत्ता मी वीस मिनिटांत घरी असतो. हिशोब बरोबर आहे का?

कुळागर

हिशोब बरोबर आहे, दोन्ही सीटीसीतच मोजतात. पण बेसिक निम्मा हा तुझा अंदाज आहे. काही कंपन्या मेडिक्लेमचा हप्ताही आत टाकतात. म्हणून वेतनाचं विभाजन माग. ते ऑफरच्या आधी मिळेलच असं नाही, पण बाई तोंडी सांगतील. व्हेरिएबल गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं, तेही विचार. पूर्ण मिळणार असं धरून चालू नकोस.

आणि मुख्य म्हणजे बस. वेर्ण्याच्या बऱ्याच प्लांटच्या बसा मडगाव, वास्को, पणजी, फोंड्याहून सुटतात. साखळीपर्यंत क्वचितच. तुझी फोंड्यापर्यंत आली तरी पेट्रोल जवळजवळ निम्म्यावर येईल.

फोंडेकर_काका

फोंड्याला गाडी ठेवायला आमच्या अंगणात जागा आहे. पण रात्रपाळी सुटल्यावर पहाटे तिथून साखळीला बाइक मारायची, हेही बघ. पावसात बेतकी-खांडोळ्याकडून जाऊन बघ एकदा.

साखळीची_वाट

काका, अंगणाबद्दल आभार! बाईंना आत्ता दोनच ओळी लिहिल्या: तिन्ही शिफ्टला बस कुठून सुटते, आणि व्हेरिएबल गेल्या वर्षी किती दिलं. सीव्ही कबूल केल्याप्रमाणे सोबत जोडला. आत्ताचा पगार लिहिलेला नाही, अपेक्षा ७.२० लिहिली.

मांडवीकाठ

रेंज ६.६० ला संपते आणि तू ७.२० लिहिलीस?

साखळीची_वाट

हो. त्याखाली वेर्णा मला परवडत नाही. बायकोलाही विचारून लिहिली.

कुळागर

मग ठीक. बाई फोनवर 'थोडं कमी चालेल का' विचारतील, तेव्हा लगेच हो म्हणू नकोस. आधी बसचं उत्तर येऊ दे.