जर्मन वाचून कळतं, बोलताना शब्द सापडत नाहीत. काय करावं?

रानवारा: बी-वन परीक्षा झाली, आता पुढच्या बी-टूची तयारी चालू आहे. वाचन, श्रवण ठीक. बोलायला लागलं की सगळा गाडा माखेन आणि गेहेनवर, म्हणजे 'करणे' आणि 'जाणे' यांवरच! अंकी अ‍ॅपवर शब्दांची कार्डं रोज करते, तीही बरोबर येतात. कोणी यातून गेलंय का?

बापूसाहेब: जर्मन मालिका बघत राहा. शब्द पुरेसा कानावर पडला की आपोआप तोंडात येतो.

मृण्मयी_क: कार्डाच्या पुढे काय असतं? जर्मन शब्द?

रानवारा: हो, मागे मराठी अर्थ.

मृण्मयी_क: मग रोज ओळखण्याचाच सराव होतोय. बोलताना आधी अर्थ मनात येतो, शब्द शोधावा लागतो. कार्ड उलटं करा, पण सुटा शब्द नको. 'टेर्मीन', म्हणजे ठरवलेली वेळ, हा शब्द आठवला तरी पुढचं क्रियापद येत नाही, तिथेच माखेन घुसतं. पुढे लिहा: 'दातांच्या डॉक्टरची वेळ मी पुढे ढकलली.' मागे: 'इश हाबे डेन टेर्मीन बाइम त्सानआर्त्स्ट फेरशोबेन.' उत्तर मोठ्याने म्हणून मगच कार्ड पलटा. मनात 'येतंय येतंय' वाटतं, तोंड उघडलं की 'डेन' की 'डेअर' इथे अडतं. अडलं तर कार्ड चुकलं धरा, स्वतःला सूट देऊ नका.

तिरकस: टेर्मीन माखेन जर्मन लोकही म्हणतात की.

मृण्मयी_क: वेळ ठरवायला म्हणतात, पुढे ढकलायला नाही. बापूसाहेब, ऐकण्याने उच्चार पक्के होतात हे खरं, पण मालिका बघताना शब्द शोधायची वेळच येत नाही.

डल्लासची_आजी: आमच्या ९ वर्षांच्या नातवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. त्यालाही कार्डं करू का?

मृण्मयी_क: आजी, त्याचं वेगळं आहे. कार्डं नकोत. 'दूध हवं का?' विचारलं की तो 'येस' म्हणून सुटतो. 'गार की कोमट?' विचारा. शब्द तुम्हीच हातात देताय, त्याला फक्त उचलायचाय.

रानवारा: सगळेच शब्द उलटायचे? हजारांच्या वर आहेत.

मृण्मयी_क: छे! एका विषयावर ४ मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. जिथे थांबलात किंवा माखेनने वेळ मारून नेलीत, तेवढ्याच जागांची कार्डं करा. आठवड्याला दहाएक पुरेत. ती बसली की तेच बोलणं आधी ४, मग ३, मग २ मिनिटांत. घाईत बोलल्याने नवा शब्द मिळत नाही, आधीचाच लवकर येतो. म्हणून कार्डं आधी.

रानवारा: आजच करते. जुनी कार्डं बंद करू?

तिरकस: करा. दोन्ही गाडे ओढायला वेळ कुणाला आहे?

मृण्मयी_क: मी तरी परीक्षेपर्यंत ठेवेन. वाचनाचा पेपरही आहेच.