‘ज्ञानदा’ शिकवायचं की ‘डी’ म्हणून मोकळं व्हायचं?

ज्ञानदा_पुणे: पुण्यातून काम करते, क्लायंट अमेरिका आणि जर्मनीचे. पासपोर्टवर Dnyanada. कॉलवर कुणी ‘डिनायनाडा’ म्हणतं, बाकीचे नाव घ्यायचंच टाळतात. दर वेळी सुधारायला लाज वाटते. सरळ ‘डी’ करून टाकू का?

डेकवरचा_बाबा: कर की! मी बावीस वर्षं जहाजावर आहे. हृषीकेशचा ‘रिशी’ पहिल्याच करारात झाला. वॉकी-टॉकीवर तीनतीनदा नाव सांगत बसलो तर दोर कुणाच्या तरी पायात अडकायचा. नाव हाक मारायला असतं. आईनं ठेवलेलं घरी आहेच.

कोथरूडकर: स्पेलिंगच चुकलंय. Gyanada लिहा, प्रश्न मिटला.

भाषावेडी: मिटत नाही हो. दिल्लीचा माणूस ‘ग्यानदा’ म्हणेल आणि अमेरिकन ‘जिम’सारखा ‘जि’ काढेल. मात्र स्पेलिंगच अडवतंय हे तुमचं खरं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला ‘द्न’ येतच नाही. म्हणून वाचणारा दोन्हींमध्ये ‘इ’ घुसडतो, पुढचा y पाहून गडबडतो आणि ‘डिनायनाडा’ होतं. त्याच्या जिभेत खोट नाही, तो अक्षरं वाचतोय.

ज्ञानदा, माझं ऐक, सुरुवातीचा ‘द्’ सोडून दे. ‘न्यानदा’ म्हणाले तरी तू वळून बघशीलच. ‘न्य’ त्यांच्याकडे आहे, canyon म्हणताना येतो. झूमवर नावापुढे उच्चार लिही, पण वाचणारा कोण ते बघून. अमेरिकनासाठी Nyah-nuh-dah. नुसता a दिलास तर तो ‘अॅ’ करतो; ah लिहिलं की ‘आ’ आणि uh लिहिलं की ‘अ’च्या जवळपास येतो. जर्मनाला हे दिलंस तर गोंधळेल. त्याच्याकडे ‘य’साठी j, म्हणून Njanada. स्पॅनिशवाल्यांकडे तर ñ तयारच आहे, आणि त्यांचा d दातांना जीभ लावून येतो, म्हणजे ‘नाडा’ऐवजी ‘नादा’ ऐकायला मिळेल. अमेरिकनाकडून तो ‘द’ मागू नकोस. त्याला ‘द’ आणि ‘ड’ यांतला फरक सहसा नीट ऐकू येत नाही.

डेकवरचा_बाबा: ‘द्’ सोडला, ‘द’चा ‘ड’ चालवून घेतला, मग ‘डी’नं काय घोडं मारलंय?

भाषावेडी: ‘न्यानडा’ ऐकून तिच्या आजीला नात ओळखू येईल. ‘डी’ ऐकून नाही. पण बाबा, तुमच्या डेकवर तुमचंच बरोबर, तिथं हाक आखूडच हवी. हिचे क्लायंट वर्षानुवर्षं तेच आहेत, त्यांना एकदा शिकवलं की पुरतं.

मीनाकाकू: माझी सून गरोदर आहे, अटलांटात. या धाग्यावरून ठरवलं, ‘ज्ञ’चं नाव नको. ‘ऋ’ पण नकोच. ‘ईरा’ कसं वाटतं?

ज्ञानदा_पुणे: काकू, ईरा छान आहे 😀 भाषावेडीताई, लिहायचं कळलं. पण एक जर्मन टीमलीड सहा महिने मला ‘दीयाना’ म्हणतोय. आता कुठल्या तोंडानं सांगू?

भाषावेडी: कॉलमध्ये दहाजणांसमोर नको. त्याला एकट्याला दोन ओळी पाठव. मी हे वापरते:

```
By the way, my name is said "Njanada".
I should have told you earlier!
```

दोष आपल्यावर घेतला की समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही. दुसऱ्या दिवशी तो बरोबर म्हणाला तर कौतुक करू नकोस, कामाचं बोल. चुकला तर ‘चालतं, काहीही म्हणा’ हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नकोस. ते वाक्य एकदा गेलं की तो शिकायचं सोडतो.

लिंक्डइनवर दहा सेकंदांपर्यंत उच्चार रेकॉर्ड करून ठेवता येतो, मोबाइल ॲपमधून. त्यात आधी नेहमीच्या वेगानं नाव घे, मग तोडून. उलटं केलंस तर लोक तोडलेलंच पाठ करतात. मी एकदा ते केलं आणि महिनाभर मला ‘मृ…ण्म…यी’ अशी हाक येत होती.

डब्लिनकर: माझ्या ऑफिसात एक Siobhan आहे. वाचून कुणी ‘सिओभान’ म्हणेल, पण उच्चार ‘शिवॉन’. पहिल्या दिवशी मीच चुकलो. तिनं हसून नाव पुन्हा घेतलं आणि लगेच विचारलं, “आणि तुझं?” तेव्हापासून नवीन माणूस आला की मीच त्याला आधी त्याच्या नावाचा उच्चार विचारतो. मग माझं सांगणं सुधारणा वाटत नाही.

कोथरूडकर: आणि तिकिटावर? तिथंही ‘न्या’ लिहायचं का?

भाषावेडी: अजिबात नाही! तिकीट, व्हिसा, करार, सगळीकडे पासपोर्टवरचंच Dnyanada. हे फक्त पडद्यावर दिसणाऱ्या नावापुरतं.

डेकवरचा_बाबा: जपानी क्लायंट आले तर मला बोलवा. ‘न्या’ ऐकून त्यांना मांजरच आठवणार, त्यांची मांजर ‘न्या’ करते.

ज्ञानदा_पुणे: मग तर ते कधीच विसरणार नाहीत. टीमलीडला आत्ताच पाठवलंय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.