प्रतिसाद : प्रतीक्षा वाढवण्याआधी लॉगमधील वेळा पाहाव्यात

> "रात्रीच्या रिफ्रेशमध्ये पाच रिट्राय आहेत, प्रत्येक वेळी थांबणे दुप्पट होते, तरी तेच स्रोत पडतात. प्रतीक्षा आणखी वाढवू का?"

माझ्या मते आत्ताच वाढवू नये. आधी लॉगमध्ये अपयशाच्या वेळा सेकंदांपर्यंत पाहाव्यात. एकाच सर्व्हरवरचे आठ स्रोत 02:00:00 ला एकदम सुरू होऊन 503 घेऊन परतले, तर ते सगळे 2, 4, 8 सेकंद थांबून पुन्हा एकत्रच धडकतात, आणि लॉगमध्ये त्याच सेकंदांना आठ-आठ ओळींचे पुंजके दिसतात. अशा वेळी थांबण्याचा काळ यादृच्छिक करणे हाच खरा उपाय आहे :

```python
pause = random.uniform(0, min(60, 2 * 2**n))
```

येथे `n` शून्यापासून मोजल्यास पाच विरामांची कमाल बेरीज 62 सेकंद होते. मात्र, ज्याचा हिशोब बहुधा राहून जातो, तो टाइमआउटही यात धरावा : प्रत्येक प्रयत्नाला 30 सेकंद दिल्यास सहा प्रयत्नांचे 180 सेकंद होतात, म्हणजे विराम धरून एक बंद पडलेला स्रोत सुमारे चार मिनिटांपर्यंत अडवून धरतो. म्हणून प्रयत्नांच्या संख्येबरोबरच प्रत्येक स्रोताला एकूण वेळेची मर्यादा घालावी आणि ती संपल्यावर कालचा डेटा त्याच्या तारखेसह तसाच ठेवावा; अर्धवट आलेला डेटा त्यावर लिहू नये.

401 किंवा 404 आल्यास मात्र लगेच थांबून सूचना पाठवावी, कारण चुकीचे टोकन किंवा चुकीचा पत्ता वाट पाहून बरोबर होत नाही. 429 सोबत `Retry-After` आले असेल, तर आपल्या सूत्राऐवजी तोच आकडा किमान प्रतीक्षा म्हणून पाळावा.