आई-वडील गेल्यावर भेटायला आलेल्यांचे आभार कसे मानलेत? (अनुभव धागा)

फोंड्याची लेक

बाबा यंदा ज्येष्ठातल्या पावसात गेले. कदंबच्या बसवर त्यांनी 27 वर्षं काढली, त्यातली बरीचशी फोंडा-वाळपई वाटेवर. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि रात्री मी फोन उघडला. एकशे चाळीसवर मेसेज पडून होते. सगळ्यांना काहीतरी लिहायलाच हवं होतं, म्हणून बसले आणि हातातून आपोआप हे उतरलं:

"आमच्या वडिलांच्या दुःखद निधनानंतर ज्या ज्ञात-अज्ञात हितचिंतकांनी प्रत्यक्ष भेटून, दूरध्वनीवरून व सोशल मीडियाद्वारे आमचे सांत्वन केले, त्या सर्वांचे आम्ही शतशः ऋणी आहोत."

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं आहे. पण हे कोणाच्या घरचं?" मी पुसून टाकलं. मग आधी आलेले मेसेज एकेक करून वाचले. एका बाईंनी लिहिलं होतं की त्या परिचारिका होत्या, रात्रपाळी संपवून पहिल्या गाडीला यायच्या, आणि त्या दिसल्या नाहीत तर बाबा थांब्यावर अर्धा मिनिट जास्त गाडी उभी ठेवायचे. आम्हाला घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी लिहिलं ते असं:

"बाबा पहाटे साडेचारला घरातून निघायचे, त्यामुळे त्यांचा दिवस आम्ही कधी पाहिलाच नाही. तो तुमच्याकडून कळला. एवढ्या पावसात तुम्ही आलात, आईजवळ बसलात. देव बरें करूं."

घरी कोंकणी आणि लिहिणं मराठीत, हे आपल्याकडे नवं नाही. पण शेवटचे तीन शब्द मराठीत करायला गेले तर ते आमचे राहीनात, म्हणून तसेच ठेवले. तुम्ही काय लिहिलंत, कधी लिहिलंत, काय चुकलं, ते सांगाल का? माझे अजून बरेच उरले आहेत.

जाहिरात खिडकी

मी पणजीत एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात 19 वर्षं छोट्या जाहिराती घेतल्या. ऋणनिर्देश घेऊन येणारी माणसं बहुधा अकराव्या-बाराव्या दिवशी येतात. झोप झालेली नसते, घरी बाराव्या-तेराव्याची तयारी चाललेली असते. "तुम्हीच काहीतरी घाला," म्हणतात. आमच्याकडे एक फाईल होती, तिच्यात आधी छापलेले आठ-दहा नमुने. त्यातला एक दाखवायचा, नाव बदलायचं, फोटो लावायचा. "ज्ञात-अज्ञात" हा शब्द असा फाईलीतून घरोघरी गेला. कुणाच्या मनात खोट नसते, वेळ नसतो.

त्या कामात एक गोष्ट शिकलो. माणसं नावांची यादी द्यायची. आधी मंत्री-आमदार, मग डॉक्टर, मग देवस्थान समिती, मग शेजारी. जाहिरातीचा दर कॉलम सेंटिमीटरवर, म्हणून यादी लांबली की पैसे वाढायचे आणि कात्री लागायची शेजाऱ्यांना. म्हणजे ज्यांनी खांदा दिला तेच गळायचे. दुसऱ्या दिवशी फोन यायचा, "आमच्या मामाचं नाव राहिलं." तळाला "अनवधानाने कोणाचे नाव राहून गेल्यास क्षमस्व" छापलेलं असायचंच, पण राग त्याने जात नाही.

मग मी सांगू लागलो, छापील आभारात नाव एकही घालू नका, काम घाला. एका कुटुंबाचं अजून आठवतं. आई गेली होती, घर डोंगराच्या बाजूला, वाट निसरडी. त्यांनी तीन वाक्यं छापली: "रात्री अकराला वाटेवर कंदील धरून उभे राहिलात. दहा दिवस पेज-भाजी आणून दिलीत. आईला तुम्ही परकी होऊ दिली नाही." नाव कुणाचं नाही, पण वाड्यावरचा प्रत्येक जण त्यात स्वतःला शोधू शकत होता. फोन एकही आला नाही.

फोंड्याची लेक, तुमचा दुसरा मजकूर म्हणूनच टिकतो. त्यात आलेल्या माणसाने काय केलं ते आहे आणि त्यामुळे तुम्हाला काय मिळालं ते आहे. याहून तिसरं काही लागत नाही. "पोकळी" आली की समजायचं, लिहिणारा थकला आहे.

डिचोलीकर

आभार तेराव्याच्या आत गेले पाहिजेत आणि प्रत्येकाला वेगळे, हाताने लिहूनच. ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे उरकून टाकणं. माझ्या वडिलांच्या वेळी मी 60 पत्रं लिहिली.

जाहिरात खिडकी

वेगळं लिहावं हे खरं, पण मुदतीचं पटत नाही. सुतकात कित्येक घरांत कुणी लेखणी हातात धरत नाही. घाईने लिहिलेल्या साठांतली शेवटची चाळीस एकसारखीच होतात, हे मी छापताना पाहिलं आहे. ज्यांनी घरी येऊन काही केलं त्यांना वेगळं लिहावं, ज्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं त्यांना एकत्र चालेल.

डिचोलीकर

शेवटची एकसारखी झाली होती, हे मान्य. पण पत्रं ठेवून दिलेली घरं मला माहीत आहेत.

पेडणेकार

मी असं लिहितो: "काकी गेल्याचं कळलं. त्यांनी मला लहानपणी भर दुपारी अंगणात बोलावून सोलकढी दिली होती, ती आठवली. मी शनिवारी येतो." लांबण लावत नाही.

फोंड्याची लेक

हे सांत्वनाचं झालं, मी उलट दिशेचं विचारत होते. पण बरं झालं लिहिलंत. असा मेसेज आला की उत्तर आपोआप सुचतं. "सोलकढीचं आम्हाला ठाऊक नव्हतं, शनिवारी आईला सांगा," एवढं पुरतं. समोरच्याने "भावपूर्ण श्रद्धांजली" एवढंच लिहिलेलं असतं, तिथे मी अडते.

म्हापशाची सून

तिथे त्या माणसाचं आणि गेलेल्याचं नातं आठवावं. तेही आठवत नसेल तर "तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला" इतकं लिहावं, मात्र खरंच वाचून दाखवलेला असावा.

माझी चूक सांगते, कुणाला उपयोगी पडेल. सासऱ्यांच्या माणसांचे नंबर त्यांच्याच फोनमध्ये होते, म्हणून मी आभार त्यांच्या फोनवरून पाठवले. सकाळी सात वाजता त्यांच्या मित्राला त्यांच्या नावाने, त्यांच्या फोटोसकट मेसेज गेला. ते गृहस्थ सत्तरीचे. त्यांच्या मुलीचा फोन आला की बाबा अंगणात जाऊन बसले आहेत, बोलत नाहीत. मी त्याच दिवशी जाऊन भेटले. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. ते सकाळचं दृश्य मी पाहिलेलं नाही, तरी डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग माझ्या फोनवरून ब्रॉडकास्ट केलं, तर निम्म्यांना एकच टिक. माझा नंबर त्यांच्याकडे सेव्ह नव्हता आणि ब्रॉडकास्ट फक्त नंबर सेव्ह असलेल्यांनाच मिळतो. आम्ही आभार मानले असं मला आठवडाभर वाटत होतं, आणि तिकडे त्यांना काही पोचलेलंच नव्हतं. तेव्हा एकेकाला पाठवा, आणि पहिल्याच ओळीत आपण कोण ते सांगा: "मी अमुकांची सून, म्हापशाहून."

मडगाव, जुना बाजार

आमच्या आईची शेवटची दोन वर्षं शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या बाईंनी काढली असं म्हटलं तरी चालेल. मी नोकरीवर असायचो, त्या दुपारी येऊन तिला कूस बदलून द्यायच्या. आई गेल्यावर त्या स्मशानापर्यंत आल्या. त्यांच्यासाठी मी मराठीत पानभर लिहिलं. मग लक्षात आलं, त्या कोंकणी वाचतात ती रोमी लिपीत. माझी देवनागरी त्यांना कुणीतरी वाचून दाखवावी लागली असती, आणि कूस बदलण्याचं ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकणं मला नको होतं. कागद खिशात ठेवला आणि गेलो. दारात उभा राहून म्हणालो, "आवयच्या फाटीक एकूय घाव जावंक ना. तुमकां लागून." आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही, तुमच्यामुळे. बिछान्याला खिळलेल्या माणसाच्या घरी ज्याने वर्षं काढली आहेत त्याला कळेल हे वाक्य केवढं आहे. त्या रडल्या. मीही.

सत्तरीतला

एक विचारू का? माझे वडील चांगले नव्हते. दारू, मार, सगळं. ते गेल्यावर लोक येऊन "देवमाणूस होता" म्हणायचे. आभार मानताना मलाही तसंच लिहावं लागेल असं वाटून मी काहीच लिहिलं नाही. दोन वर्षं झाली. ज्यांनी लाकडं आणली, त्यांचं तरी मानायला हवं होतं.

जाहिरात खिडकी

तुम्ही शेवटच्या वाक्यात लिहिलंतच की. "त्या दिवशी लाकडं तुम्ही आणलीत, मी तेव्हा काही बोललो नाही." वडिलांबद्दल शब्द काढू नका. आभार आलेल्यांचे मानायचे असतात, गेलेल्याचं प्रशस्तिपत्र त्यात यावंच असं नाही.

सत्तरीतला

दोन वर्षांनी?

म्हापशाची सून

मला एकीने चौदा महिन्यांनी लिहिलं होतं. मी ते अजून पुसलेलं नाही.

काणकोणची आजी

मी जुन्या वळणाची. आमच्याकडे मरणाघरच्यांनी आभार मानायचे नसतात. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, त्यात आभार कसले? भेटायला आलेला माणूस उठताना "येतो" म्हणत नाही, आपण त्याला "या" म्हणत नाही, तो गुपचूप जातो. तसंच हे. त्यांच्या घरी वेळ आली की आपण पहिलं पोचायचं, हेच आमचं आभार मानणं. लिहिलेलं वाईट आहे असं म्हणत नाही मी. पण लिहून झालं म्हणून फिटलं असं कुणी धरू नये.

मडगाव, जुना बाजार

आजी, पटतं. तरी त्या बाईंना मी बोललो नसतो तर मला झोप आली नसती.

काणकोणची आजी

मग बोललास ते बरं केलंस, बाबा.

फोंड्याची लेक

रात्री बसून आणखी बावीस जणांना पाठवले, एकेकाला, पहिल्या ओळीत "मी फोंड्याहून, ड्रायव्हरांची मुलगी" असं लिहून. परिचारिका बाईंना लिहिलं: "त्या अर्ध्या मिनिटाबद्दल तुम्ही सांगितलंत. आई ते रोज कुणाला ना कुणाला सांगते." त्यांचं लगेच उत्तर आलं की एकदा पावसात गाडी दोन मिनिटं थांबली होती आणि मागून सगळे ओरडत होते.

एक नाव उरलं आहे. बाबांच्या गाडीवर अकरा वर्षं कंडक्टर होते ते काका. ते दहाही दिवस आले, ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे नाहीत, बोलायचे नाहीत, अंधार पडला की उठायचे. त्यांच्याकडे साधा फोन आहे. काय लिहू ते सुचतही नव्हतं. आई म्हणाली, लिहू नकोस, बाबांची शिट्टी त्यांनीच दिलेली आहे, ती घेऊन जा. रविवारी पहिल्या गाडीने जाते.