मदत हवी आहे: रिझल्टमधली टेबलं कमी करून सलग कसं लिहू?

मंडळी, बडोद्याहून विचारतेय. थीसिस किशोरवयीन मुलींच्या हिमोग्लोबिनवर आहे, एका गटाला लोहाच्या गोळ्या आणि आहाराचं मार्गदर्शन, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या, आणि रिझल्टमध्ये टेबलामागून टेबल. गाईड म्हणतात सलग लिही, मुख्य तुलनाच ठेव. म्हणून परिच्छेद दोन गटांतल्या फरकानेच सुरू केला, सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल. प्रत्येक गटाची आधी-नंतरची पी व्हॅल्यू काढून टाकली, कारण एकात सिग्निफिकंट, दुसऱ्यात नाही एवढ्यावरून गट वेगळे ठरत नाहीत. अडलंय वयोगटांपाशी: तिथे फरक दिसला नाही, पण ती तुलना आधीच ठरवलेली होती, गाळली तर सोयीचं तेवढंच दाखवल्यासारखं होईल ना? एका वाक्यात सांगून टेबल परिशिष्टात टाकलं तर चालेल का? कुणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.