मदत हवी आहे: मिथेनच्या ज्वलनाची ΔH माझी −६९४ येते, पुस्तकात −८९०

गिट्टीखदान_बारावी
बंध ऊर्जांवरून मिथेनच्या ज्वलनाची एन्थाल्पी काढतोय. शिकवणीच्या नोट्समधले आकडे घेतलेत, सगळे किलोज्यूल प्रति मोल: C–H ४१३, O=O ४९८, C=O ७४५, O–H ४६३.

```
CH4 + 2O2 → CO2 + 2H2O
तुटले : ४×४१३ + २×४९८ = २६४८
जुळले : २×७४५ + ४×४६३ = ३३४२
ΔH = २६४८ − ३३४२ = −६९४
```

बंध चारदा मोजले, बरोबर आहेत. मग १९६ चा फरक कुठून येतोय?

धरमपेठी
अरे, सरासरी बंध ऊर्जा आहेत ना त्या! सरासरीवरून काढलं की उत्तर इकडेतिकडे होणारच. उगाच डोकं खाजवत बसू नको.

गिट्टीखदान_बारावी
इकडेतिकडे म्हणजे किती? हे २२ टक्के होतंय.

धरमपेठी
मग तापमान बघ. तक्ता २५ अंशांचा असतो. मे महिन्यात नागपुरात ४५ असतं, काहून जुळेल?

जुना_मास्तर
तापमानाचा इथे काही संबंध नाही. पाणी वाफ धरलं तर २० अंशांनी या ΔH मध्ये एक किलोज्यूलचाही फरक पडत नाही. आणि गणित कागदावर होतंय, गच्चीवर नाही. सरासरीचं म्हणणं खरं आहे, पण एवढ्या फरकाचं खापर तिच्यावर फोडता येत नाही.

गिट्टीखदान, तुझे १९६ म्हणजे दोन वेगळ्या चुका आहेत. एकेक काढू.

पहिली पाण्याची. बंध ऊर्जा वायूतल्या रेणूंसाठी असतात, म्हणून तुझ्या गणितात पाणी आपोआप वाफ झालं. पुस्तकातल्या −८९० मध्ये पाणी द्रव आहे. वाफेचं पाणी होताना २५ अंशांना मोलमागे ४४ किलोज्यूल सुटतात, दोन मोलचे ८८. म्हणजे तुझी तुलना −८९० शी नाही, −८०२ शी व्हायला हवी. समीकरणात H2O पुढे (g) आहे की (l), हे आधी बघायचं.

उरले १०८. ते C=O मधले. ७४५ हा आकडा अल्डिहाइड-कीटोनमधल्या C=O चा आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन तिन्ही अणूंवर पसरलेले असतात, त्यामुळे तिथला बंध जास्त मजबूत. बऱ्याच तक्त्यांत त्यासाठी ७९९ वेगळा दिलेला असतो. फरक ५४, बंध दोन, झाले १०८. आता करून बघ.

गिट्टीखदान_बारावी
जुळले: १५९८ + १८५२ = ३४५०. ΔH = −८०२. अगदी तंतोतंत!

जुना_मास्तर
तंतोतंत आलं यावर फार भुलू नको. मिथेनचे चारही C–H तोडायला प्रत्यक्षात १६६३ लागतात, तू १६५२ घेतले. म्हणजे डावीकडे ११ कमी. उजवीकडे २५ अंशांना CO2 चे १६०९ आणि पाण्याचे १८५४ हवेत, तिथेही तू साधारण तेवढेच कमी धरलेस. दोन्हीकडची तूट एकमेकीत जिरली. दुसऱ्या अभिक्रियेत ती अशी जिरेलच असं नाही. धरमपेठींची सरासरी इथे लागते, पण ती दहा-बारा किलोज्यूलची, १९६ ची नाही.

फुटाळा_काठ
माझंही असंच होऊन राहिलं. अमोनियाला +९३ येते, पाहिजे −९३. N≡N ९४५, H–H ४३६, N–H ३९१. अमोनियाही द्रव धरायचा का?

जुना_मास्तर
नाही, तिथे सगळं वायूच आहे. तुमचं फक्त चिन्ह उलटलंय. निर्मिती एन्थाल्पीत उत्पादितांमधून अभिक्रियाकारकं वजा करतात, तीच सवय इथे चालवलीत. बंध ऊर्जेत तुटलेल्यांतून जुळलेले वजा:

```
N2 + 3H2 → 2NH3
९४५ + ३×४३६ = २२५३
६×३९१ = २३४६
ΔH = −९३
```

तोडायला ऊर्जा घालावी लागते म्हणून ती अधिक, जुळताना सुटते म्हणून वजा. आकडा बरोबर आणि चिन्ह उलटं आलं, की बहुतेक हीच गडबड असते.

धरमपेठी
ठीक आहे बाप्पा, पण पेपरात C=O ७४५ एवढंच दिलं असेल तर? ७९९ स्वतःच्या मनाने घातला तर मार्क जातील.

जुना_मास्तर
दिलेलाच घ्यावा आणि खाली एक ओळ लिहावी की हा CO2 चा आकडा नाही, म्हणून उत्तर कमी येतं.

धरमपेठी
ती ओळ कोण वाचतंय! उत्तरपत्रिकेत −६९४ असेल तर −६९४.

गिट्टीखदान_बारावी
नोट्समध्ये C=O चा एकच आकडा आहे, CO2 चा वेगळा नाहीच. उद्या सरांना विचारतो. तोवर एक शंका: प्रोपेनच्या ज्वलनाला C–C ३४७ घेतला तर तिथे तूट जिरेल की वाढेल?