अनुभव धागा: बचत गटाच्या सभेत यूपीआयची सुरक्षितता कशी शिकवता?

कोकणातल्या गटांच्या मासिक सभेत पाऊण तासात हा विषय बसवायचा आहे. प्रत्यक्ष काय करून घेता ते लिहा.

समुदाय संसाधन व्यक्ती, रत्नागिरी
मी एकच प्रसंग घेते. कोकम आगळाच्या २० बाटल्यांची ऑर्डर येते, दर १५० रुपये. गिऱ्हाईक फोनवर गोड बोलतं, आधी ५ रुपये खरोखर पाठवतं आणि विश्वास बसला की म्हणतं, "आता हा कोड स्कॅन करा, ३,००० जमा होतील." इथे दोन बायकांना दोन फोन देऊन खरा १ रुपया फिरवायला लावते. जिला पैसे आले तिने फोनला हातही लावलेला नसतो. मग तिलाच कोड स्कॅन करायला सांगते आणि पिनच्या पानावर थांबवते. तिथे समोरच्याचं नाव आणि रक्कम दिसते. ते मोठ्याने वाचायचं आणि मागे यायचं. वाचून झालं की खोली आपोआप शांत होते.

बचत गट सचिव, गुहागर
आम्ही सोपं सांगतो. पिन मागितला की पैसे जाणार, आणि पिन न टाकता पैसे जाऊच शकत नाहीत.

बँक सखी, देवगड
ताई, अर्धं बरोबर. शिल्लक बघतानाही पिन लागतो, म्हणून बायका तिथेच घाबरून थांबतात. आणि यूपीआय लाइट चालू असेल तर त्यात ठेवलेल्या पैशांतून छोट्या रकमा बिनपिनच्याच जातात. नियम एवढाच ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच नाही.
स्टॉलवर गिऱ्हाईकाने दाखवलेला हिरवा टिक धरू नका. तसं चित्र कुणीही बनवतं. आपल्या ॲपमधला इतिहास उघडा. खाडीकाठी रेंज गेली तर माल बाजूला ठेवून थांबायचं, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.

सदस्य, वेंगुर्ला
माझे किराणा दुकानदाराकडे पाठवलेले पैसे कापले गेले, त्याला मिळाले नाहीत. हीपण फसवणूकच ना?

बँक सखी, देवगड
नाही हो, तो अडकलेला व्यवहार. तसे पैसे बहुधा आपसूक परत येतात. न आल्यास ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार करा. मात्र गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, खरी फसवणूक तिथेच गाठते.

समुदाय संसाधन व्यक्ती, रत्नागिरी
फसवणूक झालीच तर आधी सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन लावा, मग बँक. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. फोन करताना व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर हवी, म्हणून तो क्रमांक ॲपमध्ये कुठे दिसतो ते सभेतच शोधायला लावते. स्वतः पिन टाकलेला असेल तर बँक भरपाई देईल अशी आशा बायकांना लावू नका.

बचत गट सचिव, गुहागर
आणि गटाचं खातं दोन सह्यांचं, त्याला यूपीआय जोडलेलं नाही, त्यामुळे विक्रीचे पैसे माझ्याच खात्यात येतात. त्याच दिवशी वहीत चढवते, तरी कुरबुर होते. यावर कुणाकडे उपाय आहे का?